कडू, तिखट आणि तुरट

पुण्यातल्या एका आयुर्वेद दवाखान्याचं चार घड्यांचं माहितीपत्रक माझ्याकडे इंग्रजी भाषांतरासाठी आलं, तेव्हा त्याचं एक जुनं इंग्रजी भाषांतर आधीपासूनच छापलेलं होतं. वैद्यबाईंनी मराठी मजकूर आणि तो जुना इंग्रजी कागद शेजारी शेजारी ठेवला आणि एका वाक्यावर बोट टेकवलं. मराठीत होतं, ‘पित्ताचा त्रास असणाऱ्यांनी आहारात मधुर, तिक्त आणि कषाय रस वाढवावेत, कटु, अम्ल आणि लवण रस कमी करावेत.’ इंग्रजीत त्याचं झालं होतं, ‘पित्ताच्या रुग्णांनी गोड आणि तिखट ज्यूस व काढे घ्यावेत, कडू, आंबट आणि खारट टाळावं.’

“ताई, हे वाचून एक बाई पंधरा दिवस कारलं आणि मेथी सोडून बसल्या होत्या,” त्या म्हणाल्या. “आणि छातीतली जळजळ का थांबत नाही म्हणून माझ्याकडे आल्या.”

त्या एका वाक्यात चार चुका आहेत. त्या चारही चुका संस्कृत न येणाऱ्या माणसाच्या नाहीत, मराठी चांगलं येणाऱ्या माणसाच्या आहेत. आपला ‘कडू’ हा शब्द संस्कृतातल्या ‘कटु’पासून आला, पण वाटेत त्याची चव बदलली. आयुर्वेदात कटु म्हणजे तिखट, मिरचीमिऱ्यासारखं जिभेला चटका देणारं. आणि तिक्त म्हणजे कडू, कडुनिंबासारखं. मराठी कानाला ‘तिक्त’ हा ‘तिखट’चा भाऊ वाटतो आणि ‘कटु’ हा ‘कडू’चा. म्हणून मराठी माणूस हे दोन शब्द शब्दकोश न उघडताच भाषांतरित करतो आणि नेमके उलटे करतो. पित्त वाढवणाऱ्या चवी तीन, तिखट, आंबट आणि खारट. ते शमवणाऱ्या तीन, गोड, कडू आणि तुरट. उलट भाषांतर झालं की पथ्याचं कुपथ्य होतं. वाक्य मात्र व्याकरणाने शुद्ध दिसतं, त्यामुळे मुद्रितशोधनातही काही सापडत नाही.

हा घोळ ओळखायला मी एक सोपी खूण वापरते. शंका आली की औषधाचं नाव घ्यायचं आणि त्यातले घटक जिभेवर आठवायचे. त्रिकटु म्हणजे सुंठ, मिरी आणि पिंपळी. तिन्ही तिखट, एकही कडू नाही. पंचतिक्त घृतात कडुनिंब, पटोल, रिंगणी, गुळवेल आणि अडुळसा. तिथे तिखट काहीच नाही. ही खूण एकदा मात्र मला फसवून गेली. कुटकीचं संस्कृत नाव ‘कटुका’, पण चव विलक्षण कडू, आणि ग्रंथांतही तिचा रस तिक्तच सांगितला आहे. म्हणजे वनस्पतीच्या नावातला ‘कटु’ आणि रसाच्या यादीतला ‘कटु’ एकच असेल असं धरून चालता येत नाही. तेव्हापासून नावावर न थांबता मी वैद्यांना सरळ विचारते, “चाखल्यावर कसं लागतं?”

तिसरी चूक ‘रस’ या शब्दाची. इथे रस म्हणजे चव. पण आयुर्वेदाच्या पुस्तकात तोच शब्द वनस्पतीच्या पिळून काढलेल्या रसाला येतो, अन्न पचल्यावर बनणाऱ्या पहिल्या धातूला येतो आणि रसशास्त्रात पाऱ्यालाही येतो. एका चार पानी पत्रकात हा शब्द दोन-तीन अर्थांनी सहज येऊन जातो. म्हणून त्याला एकच इंग्रजी प्रतिशब्द ठरवून संगणकावर सगळीकडे बदलून टाकणं धोक्याचं असतं. ‘आहारात गोड चवीचे पदार्थ’ आणि ‘आवळ्याचा रस’ यांतला फरक प्रत्येक वाक्यात थांबून ठरवावा लागतो.

चौथी चूक मला सगळ्यात जास्त शिकवून गेली, कारण तो शब्द या दवाखान्यात रोज शंभरदा उच्चारला जातो. कषाय. रसांच्या यादीत तो तुरट चवीचं नाव आहे. हिरडा, जांभूळ, कच्चं केळं खाल्ल्यावर जीभ आखडल्यासारखी होते, तो कषाय रस. आणि औषधं बनवण्याच्या प्रकरणात तोच शब्द वनस्पतीतला अंश काढून घेण्याच्या पाच मूळ पद्धतींना मिळून येतो. पिळून काढलेला तो स्वरस, वाटून केलेला तो कल्क, उकळून आटवलेला तो क्वाथ म्हणजे आपला काढा, रात्रभर थंड पाण्यात भिजवलेला तो हिम आणि गरम पाण्यात थोडा वेळ मुरवलेला तो फांट. केरळात मात्र व्यवहारात कषायम् म्हणजे काढाच. शेवटचा ‘म्’ मल्याळम वळणाचा. तिथे तेलाचं तैलम् होतं, अरिष्टाचं अरिष्टम्, अवलेहाचं लेह्यम्. वैद्यबाई केरळात काही वर्षं शिकल्या, त्यांची औषधंही तिकडच्या पद्धतीची. म्हणून पुण्यातल्या रुग्णाच्या हातात पडणाऱ्या बाटलीवर कषायम् लिहिलेलं असतं, काढा नाही.

कषायम् या शब्दाला इंग्रजीत अचूक प्रतिशब्द आहे, डिकॉक्शन. उकळून काढलेला अर्क, इतका नेमका. तरीही इंग्रजी पत्रकांत तो फारसा दिसत नाही. त्याच्या जागी ‘हर्बल टी’ लिहिलेलं असतं, कारण ते वाचायला सोपं आणि कानाला गोड. माझ्या हातातल्या जुन्या कागदावरही तेच होतं. इथे मला थांबावं लागलं. चहा म्हटलं की माणूस काय करतो? कपात पूड टाकतो, वर गरम पाणी ओततो, पाच मिनिटं झाकतो आणि पितो. आयुर्वेदाच्या भाषेत तो फांट झाला, क्वाथ नाही. फांट सुगंधी, कोवळ्या, पटकन पाण्यात उतरणाऱ्या द्रव्यांसाठी योग्य असतो. मुळं, साली आणि लाकूड अशी कठीण द्रव्यं पाच मिनिटांच्या गरम पाण्याला दाद देत नाहीत.

दवाखान्यात सांधेदुखीसाठी दिला जाणारा रास्नासप्तक काढाच घ्या. त्यात रास्ना, गुळवेल, बहावा, देवदार, गोखरू, एरंडमूळ आणि पुनर्नवा अशी सात द्रव्यं येतात, आणि पिताना वर सुंठीची पूड घालायची असते. यातला देवदार तर सरळ लाकूड आहे. शार्ङ्गधराने क्वाथाचं जे माप दिलं आहे त्यानुसार एक पल भरड, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे ४८ ग्रॅम, सोळा पट पाण्यात टाकायचं आणि आठवा हिस्सा उरेपर्यंत मंद आचेवर आटवायचं. म्हणजे ७६८ मिलिलिटर पाणी घेतलं तर हाती उरतात ९६ मिलिलिटर. भांड्यावर झाकण ठेवायचं नाही. पूड बारीक नको, भरडच हवी, नाहीतर काढा गाळताना सगळा गाळ कापडात बसतो. नीट झालेला काढा गडद दिसतो आणि जिभेला कडवट, तुरट, जड लागतो. कपात फिकट पिवळं, पाण्यासारखं काही दिसत असेल तर चहा झाला असं समजावं. हर्बल टी लिहिलेल्या कागदावर विसंबून त्या भरडीचा चहा करून पिणारे रुग्ण वैद्यबाईंनी पाहिले होते. ते म्हणत, औषध घेतो आहे, पण फरक नाही.

बाटलीतल्या कषायमचा प्रश्न याच्या उलट असतो. तो आधीच आटवलेला आणि टिकण्यासाठी दाट केलेला असतो. तो तसाच प्यायचा नसतो. साधारण १५ मिलिलिटर औषधात चौपट, म्हणजे ६० मिलिलिटर कोमट पाणी मिसळून घ्यायला वैद्य सांगतात. एकाच शब्दाखाली अशा दोन वस्तू येतात. एक घरी उकळायची आणि दुसरी पाण्यात पातळ करायची. इंग्रजीत दोन्हींना डिकॉक्शन म्हटलं की शब्द बरोबर होतो, पण रुग्णाला करायचं काय ते कळत नाही. म्हणून मी पत्रकात ‘कषायम्’ हा शब्द ठेवला, कारण बाटलीवरही तोच आहे आणि रुग्णाला दोन्ही कागद एकमेकांशी जुळवता आले पाहिजेत. त्याच्यापुढे लगेच डिकॉक्शन लिहिलं, आणि भरड व बाटली यांच्या कृती दोन वेगळ्या चौकटींत मांडल्या. हर्बल टी पूर्ण काढून टाकलं. वैद्यबाईंना आधी थोडं वाईट वाटलं, कारण तो शब्द रुग्णांना आवडायचा. मग त्यांनी स्वतःच म्हटलं, “चहा म्हटलं की लोक त्यात साखर घालतात.”

कषायम् हा हाताने करायच्या गोष्टीचा शब्द आहे, म्हणून त्याला पूर्ण भाषांतर लागतं. वात आणि पित्त हे तसे शब्द नाहीत. तिथे माझा निर्णय उलटा झाला.

इंग्रजीत या शब्दांचा प्रवास जुना आहे. टी. ए. वाइज यांचं हिंदू वैद्यकपद्धतीवरचं भाष्य १८४५ मध्ये कलकत्त्यात छापलं गेलं. त्या काळच्या युरोपीय लेखकांना वात, पित्त, कफ यांच्याजवळ आपली हवा, पित्तरस आणि श्लेष्मा दिसले. त्यांच्या डोक्यात ग्रीक वैद्यकातले द्रव होते. पण ग्रीकांचे द्रव चार, रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त, आणि त्यांत वारा नाहीच. आयुर्वेदाचे दोष तीन, आणि त्यांत वात सगळ्यांना चालवणारा. जुळणी वरवरची होती, तरी शब्द चिकटले. पुढे कुंजलाल भिषग्रत्न यांनी १९०७ पासून सुश्रुतसंहितेचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी वायु, पित्त, कफ हे शब्द बहुतेक ठिकाणी तसेच ठेवले. मला त्यांचा मार्ग पटतो, आणि त्याचं कारण आळस नाही.

पित्ताला इंग्रजीत ‘बाइल’ म्हणजे यकृतात तयार होणारा पित्तरस म्हटलं की काय होतं ते बघा. ग्रंथांत पित्ताचे पाच प्रकार सांगितले आहेत. अन्न पचवणारं पाचक, रक्ताला रंग देणारं रंजक, हृदयातलं साधक, डोळ्यांत राहून बघायला मदत करणारं आलोचक आणि त्वचेला कांती देणारं भ्राजक. आलोचक पित्ताचं शब्दशः भाषांतर केलं तर डोळ्यात पित्तरस आहे असं वाक्य तयार होतं, आणि ते वाचणारा आधुनिक डॉक्टर पत्रक बाजूला ठेवून देईल. मात्र ‘पित्ताची उलटी’ असं लिहिलेलं असेल तिथे बाइल हाच शब्द बरोबर आहे, कारण तिथे खरोखर पिवळं, कडू पाणी बाहेर पडतं. म्हणून शब्द नाकारायचा नाही, जागा बघायची.

मराठी वाचकाचा घोळ वेगळा आहे, आणि तो मला अनुवाद करतानाच दिसला. आपण ‘पित्त झालंय’ म्हणतो तेव्हा छातीत जळजळ आणि आंबट ढेकर म्हणायचं असतं. ‘अंगावर पित्त उठलं’ म्हणतो तेव्हा खाजणाऱ्या लाल गांधी म्हणायच्या असतात. ‘पित्त खवळलं’ म्हणजे राग. वाताचंही तसंच. संधिवात म्हणजे सांधेदुखी, वातूळ म्हणजे वांगं किंवा हरभऱ्यासारखं पोटात वारा धरणारं, आणि ‘वात आणला’ म्हणजे जीव नकोसा केला. मराठी पत्रकात ‘पित्ताचे विकार’ असं दोन शब्दांत लिहून भागतं, कारण प्रत्येक वाचक आपापला अर्थ लावून दवाखान्यात येतो. इंग्रजीत ती सोय नाही. मी वैद्यबाईंना विचारलं की ‘पित्ताचे विकार’ म्हणजे तुमच्या दवाखान्यात नेमकं काय येतं. त्यांनी आम्लपित्त आणि शीतपित्त अशी दोन नावं सांगितली. एक पोटाचा त्रास, दुसरा त्वचेचा. मग इंग्रजीत मी रोगांची नावं लिहिलीच नाहीत, रुग्णाला जाणवतं ते लिहिलं. जेवल्यानंतर छातीत जळजळ आणि आंबट ढेकर. अंगावर अचानक उठणाऱ्या, खाजणाऱ्या गांधी.

वाताच्या बाबतीत जुन्या कागदावर ‘वारा वाढल्यावर उपचार’ अशा अर्थाचं वाक्य होतं. इंग्लंडच्या इंग्रजीत ‘विंड’ म्हणजे पोटातला गॅस. साहजिकच गुडघे धरलेल्या माणसाला हा आपल्यासाठीचा दवाखाना आहे हे त्या कागदावरून कळत नव्हतं. वात हा शब्द ‘वा’ या धातूपासून आला असं सुश्रुत सांगतो, आणि त्यात गती आहे. श्वास आत-बाहेर जाणं, अन्न पुढे सरकणं, मलमूत्र बाहेर पडणं, हात उचलणं, शब्द बोलणं, असं शरीरात जे जे हलतं त्याला हलवणारा तो वात. त्याचे गुण कोरडा, हलका, थंड, खरखरीत, चंचल. हे गुण कळले की गुडघ्यातली कडकड, थंडीत वाढणारं दुखणं, बद्धकोष्ठ आणि रात्री न लागणारी झोप ही एकाच यादीत का येतात ते वाचकाच्या लक्षात येतं. मी इंग्रजीत ‘वात’ तसाच ठेवला आणि पुढे एकच वाक्य दिलं, की शरीरातल्या सगळ्या हालचाली घडवणारं तत्त्व, जे वाढलं की शरीरात कोरडेपणा, थंडपणा आणि दुखणं वाढतं. पित्तालाही तसंच एक वाक्य दिलं, शरीरातली उष्णता, पचन आणि अन्नाचं रूपांतर घडवणारं तत्त्व. त्यानंतर पुन्हा कुठेही त्यांचा अर्थ द्यावा लागला नाही.

लिपीचा एक छोटा प्रश्न उरलाच. इंग्रजी अक्षरांत स्वरचिन्हं न लावता लिहिलेला वात आणि वडाचा वट सारखेच दिसतात. केरळच्या वळणाने ‘त’ लिहिताना टीपुढे एच घालतात, तो पुण्याच्या वाचकाला ‘थ’ वाटतो. म्हणून एच गाळून पहिल्या उल्लेखाला ‘आ’वर आडवी रेघ दिली आणि पुढे साधं लेखन ठेवलं.

शेवटची अडचण भाषेची वाटत नाही, पण ती भाषेचीच आहे. औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरचा १९५४ चा केंद्रीय कायदा काही आजार बरे करण्याचा, टाळण्याचा किंवा त्यांवर उपचार करण्याचा दावा औषधाच्या जाहिरातीत करू देत नाही. त्याच्या अनुसूचीत ५४ नोंदी आहेत, आणि त्यांत मधुमेह, पक्षाघात, लठ्ठपणा, मज्जासंस्थेचे विकार आणि ‘ऱ्हूमॅटिझम’ आहेत. कायद्याच्या व्याख्येत सूचनापत्र, परिपत्रक, लेबल ही सगळी जाहिरातीतच मोडतात. नोंदणीकृत वैद्यांनी स्वतःच्या जागेत लावलेल्या पाटीला सवलत आहे, वाटायच्या पत्रकाला नाही. आता बघा, मराठीत ‘वातव्याधीवर उपचार’ लिहिलं तर ते शास्त्रातलं नाव आहे. पण वातव्याधीचा शब्दकोशात मिळणारा नेहमीचा इंग्रजी प्रतिशब्द म्हणजे मज्जासंस्थेचे विकार, आणि तो जवळजवळ जसाच्या तसा अनुसूचीत आहे. आमवाताचं भाषांतर ‘ऱ्हूमॅटिझम’ केलं तरी तेच. अनुवादकाने दावा केलेला नसतो, फक्त शब्द निवडलेला असतो, पण छापलेला कागद वैद्यांच्या नावावर जातो. जुन्या पत्रकात ‘बरे केले जातात’ असंही होतं. आम्ही ते वाक्य काढलं आणि तिथेही रुग्णाला जाणवणारी लक्षणं आणि दवाखान्यात केल्या जाणाऱ्या प्रक्रिया एवढंच ठेवलं.

प्रक्रियांच्या यादीत आणखी एक वाक्य मला आधीच्या अनुवादकाबद्दल कळवळा वाटायला लावणारं निघालं. ‘जानुबस्ति’ म्हणजे उडदाच्या पिठाची कड गुडघ्याभोवती बसवून आत कोमट तेल धरून ठेवणं. त्यांनी शब्दकोश उघडून बस्ति बघितला, तिथे एनिमा मिळाला, आणि त्यांनी गुडघ्याचा एनिमा असं लिहिलं. बस्ति म्हणजे मुळात मूत्राशय, आणि पूर्वी एनिमा प्राण्याच्या मूत्राशयाची पिशवी वापरून देत म्हणून त्या उपचाराला ते नाव पडलं. जानुबस्तीचा एनिमाशी काही संबंध नाही. हे शब्दकोशात नव्हतं, आणि कुणीही त्यांना उपचाराच्या खोलीत नेऊन दाखवलं नव्हतं. मला वैद्यबाईंनी नेलं, म्हणून कळलं.

छापायला देण्याआधी मी पत्रक माझ्या शेजारच्या मुलीला दिलं. ती इंग्रजी शाळेत शिकली आहे आणि तिची आजी याच दवाखान्यात जाते. वाच आणि आजीला औषध कसं द्यायचं ते मला सांग, एवढंच म्हटलं. तिने बाटलीची चौकट वाचली आणि विचारलं, “काकू, आधी औषध प्यायचं आणि मग वरून पाणी, की दोन्ही मिसळायचं?” इंग्रजीत मी लिहिलं होतं, १५ मिलिलिटर औषध ६० मिलिलिटर कोमट पाण्याबरोबर. त्या ‘बरोबर’मध्ये दोन्ही अर्थ बसत होते. मी वाक्य बदललं. १५ मिलिलिटर औषध पेल्यात ओता. त्यात ६० मिलिलिटर कोमट पाणी घाला. ढवळा. मग जेवणाआधी प्या.